आधी 'कुठे', मग 'काय'

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २१४ माणसं आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरारला. उरलेली इथे, गुहागर तालुक्यातल्या एका खाडीच्या काठाला, वरच्या आणि खालच्या वाडीत. दोन वाड्यांच्या मधून व्हाळ जातो आणि त्यावर साकव आहे. सकाळी सुविचार, दुपारी कोणाच्या तरी बाराव्याची सूचना, संध्याकाळी लाईट कधी येणार याची चौकशी, असा ग्रुपचा दिनक्रम.

गेल्या जुलैत एका रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी त्यावर एकच शब्द पडला, 'अर्जंट'. अर्ध्या मिनिटाने दुसरा, 'मदत'. नंबर तात्यांचा. तात्या वरच्या वाडीतले, वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाच्या नळीत दोन स्टेंट बसवलेले.

पुढच्या सहा मिनिटांत एकतीस निरोप आले. मी ते नंतर मोजले. अकरा जणांनी 'काय झालं?' विचारलं होतं आणि त्यांत मीही होतो. सात जणांनी हात जोडले होते. विरारच्या एका गृहस्थांनी दादरच्या हृदयरोगतज्ज्ञाचा नंबर पाठवला होता. एकाने 'असं अर्धवट लिहून लोकांना घाबरवू नका, नीट लिहा' असं सुनावलंही होतं. वरच्या वाडीतले दोन तरुण मात्र काही न लिहिता भर पावसात पाखाडी चढून तात्यांच्या घरी धावले. तात्या पडवीत झोपाळ्यावर बसून चहा पीत होते. त्यांचा फोन त्यांच्याकडे नव्हताच.

फोन त्यांच्या आठवीतल्या नातीकडे होता आणि नात होती खालच्या वाडीत, व्हाळापलीकडे, आईच्या माहेरी. तिथल्या आजीने पडवीतल्या लाकडांच्या ढिगात हात घातला आणि तिला फुरसं चावलं. घरात दोघीच. लाईट गेलेली. फोनची बॅटरी नऊ टक्के. मुलीला जे दोन शब्द टाइप करता आले ते तिने केले, आणि मग फोन वाजायला लागला तो थांबेचना. वीस-पंचवीस जण एकाच नंबरवर फोन लावत होते. एक उचलावा तर दुसऱ्याची टिकटिक सुरू. तिचे वडील डोंबिवलीहून चौदा वेळा प्रयत्न करत होते आणि प्रत्येक वेळी फोन व्यस्त लागत होता. त्यांच्याच मुलीचा फोन, आणि तो व्यस्त कोणी ठेवला होता, तर मदतीला धावलेल्या आम्ही.

खालच्या वाडीतल्या आशाताईंनी आठ वाजून सतरा मिनिटांनी जे लिहिलं ते मी जसंच्या तसं देतो. 'मी आशाताई. वाचलं. आत्ता कुठल्या घरात आहेस? फक्त घराचं नाव लिही. बाकी कोणी फोन करू नका.' उत्तर आलं, 'आजोळी'. ताईंचा पुढचा प्रश्न, 'माणूस, आग की पाणी?' उत्तर, 'आजी. फुरसं.' त्यावर ताई, 'आजीला बसवून ठेव. हात हलवू देऊ नको. काही बांधू नको, कापू नको, बांगड्या काढ. मी चार मिनिटांत पोचते. १०८ ला मी सांगते.' बस. चार वाक्यांच्या देवाणघेवाणीत सगळं कळलं. सात मिनिटं एकतीस निरोपांना जे जमलं नव्हतं, ते एका बाईने एका मिनिटात केलं.

आजी वाचली, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. पण वाद सुरू झाला तो नंतर. पंधरा दिवसांनी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली आणि तिच्यात एक ठराव आला. यापुढे ग्रुपवर नुसतं 'अर्जंट' किंवा 'मदत' लिहू नये. लिहायचं तर नाव, ठिकाण, कारण, सगळं लिहावं. जो नुसता शब्द टाकून मोकळा होईल त्याला पहिल्या वेळी समज आणि दुसऱ्या वेळी ग्रुपबाहेर. मी या ठरावाला विरोध केला, आणि त्याची कारणं बैठकीत धड मांडता आली नाहीत, म्हणून इथे मांडतो.

ठराव मांडणारे मूर्ख नव्हते. त्यांच्या तक्रारीत दम होता. 'अर्जंट' या शब्दाची आमच्याकडे पार रया गेली आहे. पंपाचा फ्यूज उडाला की अर्जंट. सातबाऱ्याची नक्कल हवी की अर्जंट. गणपतीच्या गाडीचं तिकीट काढायचं असलं की चाकरमान्यांचं अर्जंट तर महिनाभर चालतं. दहा वेळा धावून नऊ वेळा फ्यूज निघाला, तर अकराव्या वेळी कोण धावणार? शिवाय ते दोन तरुण पावसात निसरड्या पाखाडीवरून चुकीच्या घरी गेले, त्यांतला एक पडला असता तर? हे सगळं खरं आहे. तरीही ठराव चुकीच्या माणसाला बांधू पाहतो, असं माझं म्हणणं आहे.

माझा धंदा या बाबतीत उपयोगी पडतो. मी तेवीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. १ फेब्रुवारी १९९९ रोजी समुद्रावरचा टिंब-रेघांच्या मोर्सचा कारभार अधिकृतपणे आटोपला आणि त्याच्या आगेमागे माझ्यासारखे बरेच जण घरी कलमांची राखण करायला परतले. पण त्या खोलीत बसून ज्या गोष्टी अंगवळणी पडल्या त्यांतली एक अशी, की संकटाची हाक आणि संकटाचा निरोप या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

एसओएस म्हणजे काय, असं लोक विचारतात आणि त्याचा विस्तार करून सांगतात. त्याचा काहीही विस्तार नाही. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. कानाला चटकन ओळखू यावं म्हणून निवडलेला नाद, इतकंच. त्याच्याही आधी एक गजर पाठवायचा असे. चार चार सेकंदांच्या बारा रेघा, मध्ये एकेक सेकंदाची फट, असा बरोबर एक मिनिटाचा. दुसऱ्या जहाजावरचा रेडिओवाला झोपला असेल, तर त्याच्या खोलीतलं यंत्र त्या रेघा ओळखून घंटा वाजवत असे. त्या गजरात जहाजाचं नाव नाही, जागा नाही, कारण नाही. तरी कोणी कधी तक्रार केली नाही, की बाबा रे, बारा रेघा पाठवल्यास पण तपशील दिला नाहीस. कारण त्या रेघांचं काम ऐकणाऱ्याला जागं करण्याचं होतं आणि ते त्या चोख करत होत्या. तपशील पुढच्या टप्प्यात यायचा.

त्या मुलीचा 'अर्जंट' हा अशाच बारा रेघांसारखा होता. तो वाजला आणि दोनशे माणसं जागी झाली. त्याचं काम तिथे पुरं झालं. पुढे जे बिघडलं ते आमच्या बाजूला बिघडलं.

समुद्रावर ऐकणाऱ्याच्या बाजूचे नियमच जास्त कडक होते, आणि त्यांतले तीन मला आमच्या ग्रुपसाठी जसेच्या तसे उचलावेसे वाटतात.

पहिला नियम गप्प राहण्याचा. आमच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर तांबडे पट्टे रंगवलेले असत, सव्वापासून तीन मिनिटं आणि पाऊणपासून तीन मिनिटं. दर तासाला त्या दोन वेळी ५०० किलोहर्ट्झ या संकटाच्या हाकेच्या वारंवारतेवर जगातल्या कोणत्याही जहाजाने एक अक्षरही पाठवायचं नाही. नुसतं ऐकायचं. एखादा क्षीण आवाज गर्दीत बुडू नये, म्हणून. आणि कोणाची हाक ऐकू आली तर मग पट्टा असो नसो, ती वारंवारता त्या जहाजाची. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. आजही हर्णैच्या किंवा जयगडच्या बोटींवर वायरलेस सेट असतो. त्याच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर 'मेडे', म्हणजे तोंडी मारलेली संकटाची हाक, ऐकू आला तर तिथेही हाच नियम. आमच्या मुलीच्या फोनवर एकाच वेळी वीस जण चढले, तेव्हा आम्ही नेमकं याच्या उलट वागलो.

दुसरा नियम कोणी उत्तर द्यायचं याचा. हाक ऐकणारा प्रत्येक जण लगेच पोच देत नसे. जो जवळ आहे त्याने आधी द्यायची. लांबच्याने थोडं थांबायचं आणि जवळचा कोणी बोलतो का ते बघायचं. किनारा जवळ असेल तर किनाऱ्यावरच्या स्टेशनला आधी संधी द्यायची. लांबचा अगदी गप्पच बसायचा असं नाही. कोणीच बोललं नाही तर त्याने पुढे यायचं. विरारच्या आणि डोंबिवलीच्या मंडळींना मी हे सांगितलं तेव्हा काहींना ते लागलं. 'आम्हाला काळजी नाही का?' काळजी आहे, म्हणूनच तर दोन मिनिटं थांबा. तुम्ही अडीचशे किलोमीटरवर आहात आणि तुमच्या निरोपाखाली आशाताईंचा निरोप दडपला जातोय.

तिसरा नियम उत्तरात काय असावं याचा, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मोर्समध्ये पोच देताना आधी 'मिळालं' एवढंच सांगायचं, तीनदा आर. त्यानंतर शक्य तितक्या लवकर स्वतःचं नाव, स्वतःची जागा, वेग आणि पोचायला लागणारा वेळ कळवायचा. यात धीराचा एकही शब्द नाही. 'घाबरू नका' नाही, 'सगळं ठीक होईल' नाही. बुडणाऱ्या जहाजावरच्या माणसाला धीर मिळायचा तो 'अमुक ठिकाणी आहे, तीन तासांत पोचतो' या वाक्याने. आशाताईंनी मोर्स कधी ऐकलेला नाही. पण त्यांचं 'वाचलं' आणि 'चार मिनिटांत पोचते' हे त्याच साच्यातलं होतं. नुसतं 'घाबरू नकोस' लिहिलं असतं, तर मुलीला एवढंच कळलं असतं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

शांतपणे उत्तर देणं म्हणजे गोड बोलणं, असा एक समज आहे. मला तसं वाटत नाही. मोर्समध्ये संकटाचा निरोप मुद्दाम सावकाश पाठवत, कारण घेणारा कदाचित नवशिका असेल, कदाचित आवाजात खरखर असेल. त्या सावकाशपणात घेणाऱ्याचा विचार होता. फोनवरही तसंच. घाबरलेल्या माणसाला एका वेळी एकच प्रश्न पेलतो, आणि तोही असा की उत्तर एका शब्दात देता यावं. 'काय झालं?' हा वाटतो सोपा, पण त्याला उत्तर म्हणून गोष्ट सांगावी लागते. लाकडं आणायला गेली, मग हात घातला, मग ओरडली. नऊ टक्के बॅटरीवर आणि थरथरत्या अंगठ्याने गोष्ट टाइप होत नाही. म्हणून तर आम्ही अकरा जणांनी विचारूनही उत्तर आलं नाही.

'कुठे?' हा प्रश्न आधी का, हेही नीट समजून घेण्यासारखं आहे. मेडेचा निरोप ठरलेल्या क्रमाने जातो. आधी जहाजाचं नाव, मग जागा, त्यानंतर काय झालंय ते, मग कोणती मदत हवी आणि माणसं किती. जागा कारणाच्या आधी येते. का, तर निरोप मध्येच तुटला आणि फक्त जागा कळली असेल, तरी कोणीतरी तिथे जाऊ शकतं. फक्त कारण कळलं आणि जागा कळली नाही, तर हातावर हात ठेवून बसण्यापलीकडे काही करता येत नाही. १०८ आणि ११२ वरही आधी ठिकाणाचीच चौकशी होते, तेव्हा आपल्या लोकांना राग येतो. 'इथे माणूस मरतोय आणि हे पत्ता विचारतायत!' अहो, पत्त्याशिवाय गाडी निघणार कुठे?

कोकणात तर 'कुठे' या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. माणूस कुठे आहे, आणि गाडी कुठपर्यंत येते. आमच्या खालच्या वाडीत गाडी जात नाही. ती साकवापर्यंत येते, पुढे पाखाडी. ड्रायव्हर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाचा असेल तर 'देवळामागे' सांगून भागत नाही, कारण देवळं चार आहेत. आशाताईंनी १०८ ला घराचा पत्ता दिलाच नाही. त्यांनी साकव सांगितला, मोठ्या रस्त्यावरून वळायची खूण म्हणून बंद पडलेली जांभ्याची खाण सांगितली, आणि वळणावर विजेरी घेऊन एका मुलाला उभं केलं. चुकीच्या घरी धावलेले ते दोघे तोवर परत आले होते. त्यांनी आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पाखाडीने साकवापर्यंत आणलं. चालवत आणलं नाही, कारण धडपड आणि हालचाल झाली की विष लवकर पसरतं.

दुसरा प्रश्न तीन पर्यायांचा होता, माणूस, आग की पाणी. ही युक्ती समुद्रावर यंत्रातच घातलेली आहे. इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेलं संकटसंदेशाचं यंत्र २०१० पासून वापरात आहे. बोटीवर आग लागली, बोट बुडतेय, वैद्यकीय मदत हवी, असे ठरावीक निरोप त्यातून उपग्रहामार्फत जातात आणि बोटीची जागा सोबत आपोआप जाते. मच्छीमाराला निबंध लिहावा लागत नाही. पण त्या पहिल्या यंत्राची एक उणीव होती. निरोप गेला की नाही, हे बोटीवर कळत नसे. बटण दाबायचं आणि अंधारात वाट बघायची. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात उलटा निरोप येण्याची सोय केली, तुमची हाक पोचली, मदत निघाली आहे. शास्त्रज्ञांना एवढ्या उपद्व्यापाची गरज का वाटली असेल? कारण उत्तर न आलेला माणूस पुन्हापुन्हा हाक मारतो, किंवा हाक मारणं सोडून भलतंच काही करायला जातो. आमच्या मुलीने नंतर सांगितलं, की पाच मिनिटं झाल्यावर ती आजीला तसंच सोडून व्हाळाकडे पळणार होती. जुलैतल्या व्हाळाकडे, रात्री, आठवीतली पोर.

आता विरोधी बाजूचा सगळ्यांत धारदार मुद्दा. बैठकीत एका जाणत्या माणसाने विचारलं, 'प्रश्न विचारत बसायचं की धावायचं? साप चावलेल्याला एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.' असतं. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. दवाखान्यात आजीचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं आणि मग नळी कलती केली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. लगेच प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या. चावा आठच्या सुमाराचा आणि पहिली कुपी साडेदहाच्या आसपास चढली. पाचव्या दिवशी आजी घरी आली. पण या अडीच तासांचा हिशेब मांडा. ताईंच्या दोन प्रश्नांना लागलं एक मिनिट. न विचारता धावणाऱ्यांची, वरच्या वाडीत जाऊन परत यायची, गेली वीस मिनिटं. शिवाय विचारणं आणि निघणं ही कामं एकामागून एकच करायची, असं कुठे आहे? ताई पायात चपला घालताना दुसरा प्रश्न टाइप करत होत्या.

उत्तरच आलं नाही तर? ही शंका रास्त आहे आणि इथे माझ्या म्हणण्याला मर्यादा आहे. तपशिलाची वाट बघत बसणं हाही एक गुन्हाच. समुद्रावर हाक अर्धवट ऐकू आली आणि पुढे शांतता पसरली, तर जेवढं ऐकलं तेवढं पुढे कळवायचं, आणि आपण स्वतः संकटात नसून दुसऱ्याची हाक पोचवतोय हे स्पष्ट सांगायचं. ग्रुपवरही दोन-तीन मिनिटांत 'कुठे'चं उत्तर आलं नाही, तर एकाने एकदा फोन करावा, आणि तोही उचलला नाही तर जवळच्या कोणीतरी त्या नंबरच्या घरी जावं. त्या दोन तरुणांना मी म्हणूनच दोष देत नाही. त्यांनी फक्त 'आम्ही तात्यांकडे निघालो' असं लिहायला हवं होतं. कोणीतरी लगेच सांगितलं असतं, की फोन नातीकडे आहे.

पुढे कळवताना वेळ लिहायची, ही गोष्ट मी चिपळूणच्या पुरात शिकलो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, लाईट गेली, फोनचे टॉवर बंद पडले. त्या दिवशी कोणीतरी गच्चीवरून टाकलेल्या हाका आमच्यापर्यंत तिसऱ्या दिवशीही येत होत्या, हातोहात पुढे पाठवलेल्या. 'तातडीची मदत हवी, सहा माणसं अडकली आहेत.' कधी अडकली? पुढे पाठवलेल्या निरोपावर पाठवणाऱ्याची वेळ दिसते, मूळ हाकेची दिसत नाही. आमच्यातल्या एकाने अशा एका पत्त्यावर माणूस पाठवला, तर ते कुटुंब आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे पोचलेलं होतं. तो माणूस त्या वेळी दुसरीकडे हवा होता.

फसवणुकीचा मुद्दाही बैठकीत निघाला. ओळखीच्या नंबरवरून 'अर्जंट, मदत हवी' येतं आणि पाठोपाठ क्यूआर कोड. यावर वेगळी तोडगेबाजी लागत नाही. तोच शांत पहिला प्रश्न विचारा. खरा अडलेला माणूस 'कुठे' विचारलं की सांगतो, त्याला तेच तर सांगायचं असतं. चोरट्याला जागेत रस नसतो, तो दुसऱ्याच वाक्याला रकमेवर येतो आणि फोनवर बोलायला काहीतरी अडचण काढतो. आवाज ऐकल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. पाठवून बसलात तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला कळवायचं. आपली परवानगी न घेता कोणी आपलं खातं वापरतंय, याची त्या नातेवाइकाला कल्पनाही नसते, हेही लक्षात ठेवलेलं बरं. लोक उगाच त्याच्याशी वैर धरतात.

एका बाबतीत मात्र आशाताईंनी मला दुरुस्त केलं. मी म्हणत होतो, एकाने लगेच फोन करावा. त्या म्हणाल्या, 'काका, सगळ्यांना बोलता येत नसतं.' घरात दारू पिऊन आलेला नवरा समोर उभा आहे आणि बाईने पदराआड 'मदत' एवढंच टाकलंय, अशा वेळी खणखणून वाजणारा फोन तिला मार खायला लावतो. म्हणून ताई अवेळी आलेल्या एकशब्दी निरोपाला आधी विचारतात, 'आत्ता बोलता येईल का? हो किंवा नाही.' आणि तेही ग्रुपवर नाही, तिच्या एकटीच्या नंबरवर. 'नाही' आलं तर पुढचे प्रश्न सगळे हो-नाहीचे. तेवीस वर्षं हाका ऐकून मला हे सुचलं नव्हतं. जहाजावर हाक मारणाऱ्याच्या शेजारी शत्रू उभा नसतो.

आता ठराव पुन्हा वाचून बघा. 'नाव, ठिकाण, कारण, सगळं लिहावं.' हे कोणाला जमेल? पंपाचा फ्यूज उडालेल्याला जमेल, तिकीट हवं असलेल्याला जमेल. पदराआड टाइप करणारीला जमणार नाही, फुरसं चावलेल्या आजीच्या नातीला जमणार नाही. म्हणजे नियमाने ज्यांना आवरायचं होतं ते सहज सुटणार आणि ज्यांच्यासाठी ग्रुप हवा ते बाहेर जाणार. शिस्त लावायचीच तर ती शांत घरात, हातात चहाचा कप घेऊन वाचणाऱ्या आम्हा दोनशे जणांना लावा. आम्हाला ती पाळणं शक्य आहे.

आणि 'अर्जंट' खरा की खोटा हे ओळखायचा खटाटोपही मला फुकटचा वाटतो. रेडिओ खोलीत खोट्या हाकाही येत, पोरखेळ म्हणून केलेल्या, चुकून बटण दाबल्याने गेलेल्या. आम्ही प्रत्येकीला तीच पोच देत असू आणि तोच प्रश्न विचारत असू. खोटी हाक त्या प्रश्नावर आपोआप गळून पडायची. एका मिनिटाचं काम. त्यासाठी आधी न्यायाधीश व्हायची गरज नव्हती.

बैठकीत अखेर अर्धा माझा आणि अर्धा त्यांचा, असा तोडगा निघाला, जसा आमच्याकडे नेहमी निघतो. ग्रुपबाहेर काढायचं कलम तूर्त बाजूला. दोन मिनिटं गप्प बसायचं कलम तीन महिने करून बघायचं. वरच्या वाडीला उत्तर देणारे दोघे, खालच्या वाडीला आशाताई आणि मी. चाकरमान्यांनी दोन मिनिटं थांबायचं, हे कलम विरारच्या त्या गृहस्थांनीच हात वर करून मंजूर केलं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

नव्या पद्धतीची पहिली परीक्षा परवा सकाळी झाली. नऊ वाजता ग्रुपवर 'अर्जंट' आलं. दोनशे माणसं चिडीचूप. मी घड्याळ लावून बसलो होतो, तांबड्या पट्ट्याची आठवण झाली. चाळीस सेकंदांनी आशाताईंनी लिहिलं, 'वाचलं. कुठे?'

उत्तर आलं, 'डोंबिवली.'

'माणूस, आग की पाणी?'

बराच वेळ काहीच आलं नाही. मग आलं, 'ताई, गणपतीचं तिकीट. चार माणसं.'